वकील गेला, जमानत नाही

हबीब मुन्शींचा उजवा कान एका दगडाने गेला. तो दगड त्यांच्यासाठी नव्हता. पण आयुष्यभर त्यांनी जे काही खाल्लं, ते बहुतेक दुसऱ्याच्याच वाट्याचं खाल्लं. पांढरकवड्याच्या कोर्टाच्या आवारात आजही कुणी विचारतं, बाई, तुमचे ते बहिरे मुन्शी कुठे असतात हो? तेव्हा मला राग येतो. बहिरे म्हणणाऱ्याला तो कान ते कुठे आणि कसा ठेवून आले हे ठाऊक नसतं. म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

मी त्यांना चाचा म्हणायची. नात्यातले नव्हते. ते मूळचे दिग्रसचे, वडील जिनिंगमध्ये सरकी ओढणारे. चाचा तरुणपणी हायवेवर ट्रक भरायचे काम करत. त्या काळात ते भयंकर मारकुटे होते, हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यांना लाज वगैरे काही वाटत नसे. एकदा ढाब्यावर कुणीतरी आईवरून शिवी दिली. चाचांनी टायर खोलायच्या पान्याने त्याचा जबडा फोडला. केस झाली. ती लढवली शेख वकिलांनी, म्हणजे आमच्या तारिक वकिलांच्या वडिलांनी. सुटल्यावर चाचा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, मले तुमच्या इथंच ठेवा, बाहेर राहिलो तर पुन्हा कोनाचं तरी थोबाड फोडीन. थोरल्या वकिलांनी ठेवलं. फाईल उचलायला लागले, तारखा लिहून घ्यायला लागले, पुढे मुन्शी, म्हणजे वकिलाचे कारकून, झाले. थोरले गेले, धाकटे तारिक वकील बसले, चाचा त्याच खुर्चीवर. मी, उमेरा, तारिक वकिलांची ज्युनियर म्हणून आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बेटी, इथं कायदा मागून लागते. आधी आवाज लागते."

आवाज माझ्याकडे होता. कायदा मात्र कच्चा होता, हे तेव्हा मला मान्य नव्हतं.

कापसाचे ते वाईट दिवस होते. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा, भावावरून बोंबाबोंब, दगडफेक, लाठीमार. ज्याच्यावर राग काढायचा तो मुंबईत नाहीतर दिल्लीत. मग माणसं हाताशी असलेल्याचं डोकं फोडायची. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दगड हललेला दिसला की कुऱ्हाड निघायची. आमच्या ऑफिसात मारहाणीची एवढी प्रकरणं कधी नव्हती.

अशात तारिक वकिलांना मस्कतहून बोलावणं आलं. एका बांधकाम कंपनीत कायद्याचा सल्लागार म्हणून. त्यांनी महिन्याभरात बाडबिस्तरा बांधला. माणूस वाईट नव्हता, काम सगळं रीतीने करून गेला. वकिली तहकूब ठेवत असल्याचं बार कौन्सिलला कळवलं. अशिलांना रजिस्टरने पत्रं टाकली की मी परदेशी जात आहे, तुमचं प्रकरण अमुक टप्प्यावर आहे, पुढची तारीख अमुक, तुमची इच्छा असेल तर अॅडव्होकेट उमेरा काम पाहतील, नसेल तर फाईल घेऊन दुसरा कोणताही वकील करा, माझी हरकत नाही. नव्या वकीलपत्रांवर लागते ती ना-हरकतीची सहीसुद्धा करून ठेवली. सगळं चोख. फक्त एकच गोष्ट केली नाही. एकाही अशिलासमोर उभं राहून त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं नाही. "मला त्यांची तोंडं पाहवणार नाहीत, चाचा," म्हणाले. चाचांना पाहवणार होती, असं त्यांनी धरून चाललं.

आता ती पत्रं. जंगलपट्टीतल्या गावांना पोस्टमन येतो तेव्हा येतो. आला तर घरचा माणूस शेतात असतो. पत्र हातात पडलंच तर ते वाचून दाखवणारा शोधावा लागतो. म्हणून चाचांनी आपला नेहमीचा रस्ता धरला. बाजाराच्या दिवशी कोर्टाशेजारच्या चहाच्या टपरीवर बसायचं आणि दिसेल त्या अशिलाला बोलावून सांगायचं.

पहिलाच सापडला देवीलाल. दोन ट्रकचा मालक, अपघाताच्या केसमध्ये अडकलेला. त्याने चाचांचं बोलणं अर्धंच ऐकलं, ऑफिसात आला आणि तारिक वकिलांचं टेबल उलथं केलं. काच फुटली, शाई भिंतीवर उडाली. "मायी केस अर्ध्यात टाकून पयाला तो? आन् आता ही पोट्टी लढवन?" असं म्हणत त्याने माझ्यासमोर चाचांची कॉलर धरली. चाचांनी दोन्ही हातांनी त्याची मान धरून त्याला दरवाज्याच्या चौकटीवर आपटलं. नाक फुटलं. मग त्याच माणसाला खाली बसवून, त्याच्या नाकाला ओला रुमाल लावत चाचांनी शांतपणे समजावलं की केस अर्ध्यात नाही टाकली, जिथवर आली तिथूनच पुढे चालेल.

"चाचा, तुम्ही अशिलाला मारलंत," मी म्हणाले.

"मारलं नाही बेटी. थांबवलं. थांबल्याबिगर आयकू येत नाही मानसाले."

देवीलालने रुमाल नाकाला लावूनच माझ्या वकीलपत्रावर सही केली. त्यानंतर आठवडाभर हेच चाललं. एकाने मला तोंडावर शिव्या दिल्या. एकाने बाहेरच्या पाटीवर दगड मारला. कुणी फाईल घेऊन दुसऱ्या वकिलाकडे गेलं, तो त्यांचा हक्कच होता. चाचा प्रत्येकाला समोर बसवून, डोळ्यांत पाहून सांगत. मी हसायची त्यांना. मला वाटायचं, एवढं काय आहे त्यात, वकील बदलतात माणसं.

पण जांभुळधऱ्याच्या भीमराजला मात्र त्यांनी समोर बसवलं नाही. गाव लांब, बस दिवसातून एक. चाचांनी त्याला निरोप पाठवला. तशीच पद्धत होती आमची. तारखा आम्ही अशाच पोचवायचो. गावाकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरला सांगायचं, तो गावच्या दुकानात सांगणार, दुकानदार माणसाला सांगणार. वर्षानुवर्षं एक तारीख चुकली नव्हती. चाचांनी ड्रायव्हरला सांगितलं, भीमराजले म्हना वकीलसाहेब बाहेर देशात गेले, आता उमेराबाई पाहतीन, तारखेच्या आधी येऊन भेट. ड्रायव्हरने दुकानात सांगितलं. त्या वेळी दुकानाच्या ओट्यावर मारोतराव बसला होता.

मारोतराव म्हणजे भीमराजच्या धुऱ्याशेजारचा शेतकरी, आणि आमच्या केसमधला फिर्यादी. दोन वर्षांपूर्वी नांगरताना त्याने धुऱ्याचे दगड सरकवले. भीमराज विचारायला गेला. शब्दाला शब्द वाढला, दगड भिरकावला गेला आणि भीमराजच्या कुऱ्हाडीने मारोतरावचा डावा हात कोपरापाशी चिरला. तो हात पुढे वाकडाच राहिला. जीव घेण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. भीमराज कित्येक महिने यवतमाळच्या जेलमध्ये होता. तारिक वकिलांनी त्याला जमानतीवर सोडवलं आणि सेशन्स कोर्टात केस सुरू झाली.

मारोतरावने निरोप ऐकला आणि स्वतःच पोचवायला निघाला. भीमराजच्या दारात उभा राहून गावाला ऐकू जाईल असं ओरडला, की तुझा वकील देश सोडून पळाला, वकील गेला म्हणजे त्याने मिळवलेली जमानतही गेली, आता पोलीस येऊन उचलतात तुला.

हे मारोतरावने दुष्टपणाने म्हटलं की त्यालाही खरंच तसं वाटत होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. कारण आमच्या भागात निम्म्या लोकांना असंच वाटतं. जमानत वकिलाने दिली, जमानत वकिलाची. जो घेऊन आला तो गेला की ती पण गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने भीमराजची बायको जमनी ऑफिसात आली. कपाळ फुटलेलं, रक्त भुवईवर वाळलेलं. लुगड्याचा पदर दातात धरून ती उभीच राहिली. चाचांनी पाणी दिलं.

"रातभर कुऱ्हाड घासून राह्यला," ती म्हणाली. "म्हनते, पोलीस नेणारच हायेत तं मारोत्याले संपवूनच जातो. एकाच कामाचे दोनदा जेल कायले भोगू. म्या आडवी झाली तं मले दांडा मारला. मुन्शीजी, त्यानं आजवर मले कधी हात नाही लावला."

चाचांचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना तसं पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते एवढंच म्हणाले, "निरोप कायले धाडला म्या. कायले धाडला."

मी पोलीस ठाण्याला फोन लावला. उत्तर मिळालं की गाडी खरेदी केंद्रावर बंदोबस्ताला आहे, तिथे दगडफेक चालू आहे, आली की पाठवतो. चाचा म्हणाले, "बरंच झालं. जीप दिसली असती तं त्याले वाटलं असतं, खरंच उचलाले आले. मंग थांबलाच नसता." त्यांनी आपली जुनी एम-एटी दुचाकी काढली. मी फाईल घेतली आणि मागे बसले. जमनीला देवीलालच्या ट्रकमध्ये बसवलं. फुटलेल्या नाकाचा देवीलाल योगायोगाने आलाच होता, आणि कुरकुर न करता गाडी फिरवली त्याने.

रस्ताभर मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. कलमं, निवाडे. चाचा एकदा फक्त म्हणाले, "बेटी, तू मागंच राह्य." मी मागे राहिले नाही.

शेतात पोचलो तेव्हा कापूस वेचायच्या बाया धुऱ्यावर गोळा झालेल्या. मारोतराव आपल्या शेतात पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, उभा, उजव्या हातात दगड. भीमराज धुऱ्याच्या अलीकडे, कुऱ्हाड खांद्यावर. दोघांत वीसेक पावलांचं अंतर असेल. भीमराज पऱ्हाटी तुडवत सरळ चालत होता, घाई नव्हती त्याला. त्या घाई नसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

चाचांनी गाडी तशीच आडवी टाकली आणि धावले. पन्नाशी उलटलेला माणूस, पायजमा काट्यात अडकून फाटला. ते भीमराजच्या समोर जाऊन उभे राहिले. भीमराजने त्यांना ओळखलंच नाही असं वाटलं. कुऱ्हाड फिरली. चाचांनी दांडा पकडला, पण पातं त्यांच्या मनगटावर उतरलं आणि रक्त बाहीतून टपकायला लागलं. बाया किंचाळल्या. चाचांनी दांडा सोडला नाही.

"सरक मुन्शी," भीमराज म्हणाला. "वकीलसाहेब गेले का नाही, सांग."

मला वाटलं, आता चाचा म्हणतील, येतील लवकर, सुटीवर गेलेत. कुणीही हेच म्हटलं असतं.

"गेले," चाचा म्हणाले. "आता येत नाहीत. हे म्या येऊन तुले सांगाले पाह्यजे होतं. म्या निरोप धाडला, ते चुकलं मायं. पण जमानत गेली म्हनून कोनं सांगतलं तुले?"

"वकिलाची जमानत होती."

"वकिलाची नव्हती बे. जमानत कोर्टानं देल्ली. कागदावर अंगठा तुया हाये, जमानतदार तुया सासरा हाये. तो गेला काय कुठं? तो त घरी बसून हाये. वकील मस्कतले जाऊ दे नाहीतं मरू दे, तुयी जमानत जागची हालत नाही. तू तारखेले आला, कोनाले धमकावलं नाही, की ती कायम हाये. मोडली तं तूच मोडशीन. आत्ता, ह्याच कुऱ्हाडीनं."

भीमराजचा श्वास जोरात चालला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "आन् केस कोन लढवन? हे?"

मी पुढे गेले. जुळवलेलं सगळं विसरले होते. फाईल उघडलीच नाही.

"मी लढवीन," मी म्हणाले. "तुझी मर्जी असेल तर. नसेल तर फाईल घेऊन जा, पाहिजे तो वकील कर. पण एक ऐक. केस पहिल्यापासून सुरू होत नाही. या मारोतरावची साक्ष झाली आहे. तारिक वकिलांनी त्याला उलट विचारलं तेव्हा त्याने शपथेवर कबूल केलं, की पहिला दगड मी मारला, भीमराजच्या छातीला लागला. जजसाहेबांनी ते लिहून घेतलं आहे. तारिक वकील गेले, पण ते लिहिलेलं कोर्टातच आहे. तुझी सगळी केस त्या एका वाक्यावर उभी आहे. आज तू हात उचललास तर मी ते वाक्य कोणत्या तोंडाने वाचू?"

बायांपैकी कुणीतरी मारोतरावकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. कोर्टात काय कबूल केलं हे त्याने गावात कधी सांगितलं नव्हतं. गावाला त्याने दोन वर्षं हेच सांगितलं होतं की मी हातही लावला नाही, हा कुऱ्हाड घेऊन धावला. मी ते त्याच्याच शेतात, त्याच्याच बायांसमोर बोलून बसले. खरं होतं ते, पण ते तिथे बोलायचं नव्हतं. कायदा कच्चा होता म्हणाले ना, माणसांची पारख त्याहून कच्ची होती.

मारोतरावने दगड फेकला. भीमराजवर नेम होता. चाचा मध्ये होते.

उजव्या कानशिलावर बसला तो. मोठा आवाज झाला नाही, नारळ फुटल्यासारखा एवढासाच. चाचा गुडघ्यांवर आले. कानातून रक्त मानेवर, सदऱ्यात. भीमराजच्या हातात कुऱ्हाड मोकळी झाली. तो मारोतरावकडे वळला, आणि मला तेव्हा खात्री होती की आता मी एक खून पाहणार. माझ्याच जिभेने झालेला.

चाचांनी खालून भीमराजचं धोतर धरलं. त्यांना धड दिसत नसावं. "मंगळवारी तारीख हाये," ते म्हणाले. "अकरा वाजता पुकारा होते. आंघोळ करून ये. डॉक्टरची साक्ष हाये." जसं ते टपरीवर बसून सांगायचे, अगदी तसंच.

भीमराज तसाच उभा राहिला. मारोतराव वाकडा हात छातीशी धरून दुसरा दगड शोधत होता आणि त्याला सापडत नव्हता. मग भीमराजने कुऱ्हाड दूर भिरकावली, विहिरीच्या काठापलीकडे, आणि चाचांना उचलून खांद्यावर घेतलं. मारोतरावकडे त्याने परत पाहिलं नाही. देवीलालचा ट्रक शेताकडच्या पांदणीच्या वाटेवर येऊन थांबला होता. भीमराजने चाचांना त्यात ठेवलं आणि यवतमाळपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर धरून बसला. जमनी शेजारी बसली होती. तिच्या कपाळाकडे त्याने वाटेत एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

कान गेला तो गेलाच. दवाखान्यात चाचांच्या बायकोने, हुस्नाबी चाचींनी, मला विचारलं, "वकीलसाहेब तं इमानात बसून गेले, मार यायनं काहून खाल्ला?"

मंगळवारी भीमराज आंघोळ करून आला. नव्या वकीलपत्रावर अंगठा दिला, मी ते दाखल केलं. पुकारा झाला, आरोपीतर्फे कोण, असं विचारलं तेव्हा मी उभी राहिले. आवाज फुटला नाही माझा, दोनदा सांगावं लागलं. डॉक्टरची उलटतपासणी यथातथाच झाली. पण शेवटी युक्तिवादात मी ते वाक्य वाचलं, कोणत्याही लाजेशिवाय वाचलं. जीव घेण्याच्या प्रयत्नाचं कलम टिकलं नाही. दुखापतीची शिक्षा झाली, जेलमध्ये काढलेले महिने त्यात धरले गेले आणि भीमराज घरी गेला. मारोतरावविरुद्ध चाचांच्या कानाची केस झाली, त्यात मी वकील नव्हते, साक्षीदार होते.

त्यानंतर चाचांनी निरोप पाठवणं बंद केलं. तारीख कळवायची तर ठीक, पण कुणाचं काही बिनसलं, वकील बदलला, साक्षीदार फिरला, तर ते स्वतः जात. डावा कान पुढे करून बसत, माणसाचं सगळं ऐकून घेत, मग सांगत. मी म्हणायची, चाचा, आता सगळ्यांकडे मोबाईल आला. ते म्हणायचे, "मोबाईलवर मानूस थांबवता येत नाही बेटी."

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच, कुणाचा मार न खाता. मला त्याचं बरं वाटलं आणि मी खूप रडले. दफन झाल्यावर ऑफिसात येऊन बसले, समोर फाईलींचा ढीग. अर्ध्याहून अधिक अशील माझे नव्हतेच, ते मुन्शींचे होते. त्यांना कळवायला हवं होतं की मुन्शी गेले, तरी तुमचं काम थांबणार नाही. मी फोन हातात घेतला.

दारात भीमराज उभा होता. केस पांढरे झालेले, दफनाहून सरळ आलेला, हाताला अजून माती होती.

"फोन नका करू बाई," तो म्हणाला. "कोनत्या गावाले कोन हाये ते फक्त सांगा. म्या जातो."

तो महिनाभर फिरत होता. बसने, पायी, जमेल तसा. प्रत्येक घरी बसून सांगून आला. माझ्याकडून एकही अशील गेला नाही, आणि यात माझं काही कर्तृत्व नाही.